प्रकल्प नोंदी: एकाच पाण्यावरचे दोन गीझर, एकाचा ॲनोड रॉड संपला, दुसऱ्याचा निम्मा उरला

३ जून: काम काय आहे

२५ लिटरचे, २००० वॅटचे, एकाच मॉडेलचे दोन उभे गीझर. दोन्हींची टाकी साध्या पोलादाची, आतून काचेच्या लेपाची. बसवले एकाच दिवशी, ३६ महिन्यांपूर्वी. पाणीही एकाच वरच्या टाकीतून येतं. सोयीसाठी नावं 'अ' आणि 'ब'.

'अ'मधून सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट आठवड्यातून दोनदा-तीनदा उडतो. 'ब'ची काहीच तक्रार नाही. सर्व्हिस कार्डावर फरक एवढाच: २२ महिन्यांपूर्वी 'अ'चा एलिमेंट बदलला आहे. त्या वेळी ॲनोडला, म्हणजे टाकी वाचवायला आत स्वतः झिजणाऱ्या मॅग्नेशियमच्या रॉडला, हात लावल्याची नोंद नाही.

पाण्याची तपासणी: कठीणपणा ३४० मिलिग्रॅम प्रति लिटर, क्लोराइड १८० मिलिग्रॅम प्रति लिटर, विद्युतवाहकता ९०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. म्हणजे जड, खारट, वीज बऱ्यापैकी वाहून नेणारं पाणी.

४ जून: 'अ' उघडला

एमसीबी पाडला, प्लग काढला, टर्मिनलवर टेस्टरऐवजी मल्टिमीटरने शून्य व्होल्ट बघितले. गार पाण्याचा कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा, मग सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून टाकी रिकामी केली. पाणी धारेने न येता थेंबथेंब येत होतं. व्हॉल्व्हचं तोंड क्षाराने चोंदलंय. हा व्हॉल्व्ह जाम असता तर गरम होताना फुगणाऱ्या पाण्याला वाट राहिली नसती, म्हणून तो आजच बदलायच्या यादीत टाकला.

फ्लँजचे बोल्ट आडव्या-उभ्या जोड्यांनी थोडेथोडे सैल केले. एकाच बाजूचे आधी काढले तर गॅस्केट चिकटलेलं असताना फ्लँज तिरका ओढला जातो आणि कडेच्या काचलेपाचा टवका निघतो. तळाशी साडेतीन किलो ओला गाळ निघाला, बहुतेक चुनखडीच्या पापड्या.

एलिमेंट तांब्याच्या नळीचा, वर निकेलचा मुलामा. मुलामा वाकांवर निघून गेलाय आणि खाली लाल तांबं दिसतंय. त्यावर ४ ते ६ मिमी क्षार. आतली निक्रोम तार शाबूत आहे, रोध २६.५ ओहम आला (२३० व्होल्टला २००० वॅटसाठी २६.४५ ओहम हवा, म्हणजे बरोबर). पण ५०० व्होल्टच्या मेगरवर तार आणि नळी यांमधला इन्सुलेशन रोध फक्त ०.३ मेगाओहम. चांगल्या कोरड्या एलिमेंटला तो शेकड्यांत येतो, १ मेगाओहमच्या खाली असेल तर आम्ही तो परत बसवत नाही. नळीत ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल शोषते. टोकाची सील फाटली किंवा नळीला सुईएवढं भोक पडलं की आकडा असा घसरतो. कटआउट उडण्याचं कारण मात्र ओल नव्हे. क्षाराच्या जाकिटात एलिमेंटची उष्णता अडकते, थर्मोस्टॅटच्या आसपास तापमान नको तितकं चढतं आणि कटआउट आपलं काम करतो. लोक कटआउट बदलतात आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतात.

आता ॲनोड. फ्लँजवर एम-८ आट्यांचा स्टड आहे, त्याला लटकते ती ३.३ मिमीची गंजलेली तार. बस, एवढंच. मॅग्नेशियमचा कणही नाही. नवा असताना हा २१ मिमी जाड, २०० मिमी लांब रॉड होता.

४ जून, संध्याकाळ: टाकीच्या आतली पाहणी

हाताच्या आरशाने आणि छोट्या टॉर्चने बघितलं. काचलेप म्हणजे रंग नव्हे. काचेची भुकटी पोलादावर पसरून सुमारे ८०० ते ८५० अंशांवर भट्टीत वितळवून चिकटवलेली असते. मधल्या सपाट भागात ती अजून निळी-काळी चमकतेय. पण अशा लेपात सूक्ष्म छिद्रं राहतातच, विशेषतः जोडाच्या वेल्डवर, पाइपच्या तोंडाशी आणि फ्लँजच्या कडेला, जिथे धार असते आणि काच नीट बसत नाही. 'अ'मध्ये नेमके तिथेच दोन डाग: एक गरम पाण्याच्या नळीखालच्या वेल्डवर, एक फ्लँजच्या कडेला. वेल्डवरचा डाग हरभऱ्याएवढा, मध्ये नारिंगी फोड, खाली तांबूस ओघळ. पहिल्या पाण्यातला तांबूस रंग इथून येतो.

फोड खरवडला नाही. खरवडून आत चकचकीत धातू आला तरी त्याने काही साधत नाही, उलट शेजारचा धड लेप निघतो. त्याऐवजी तात्पुरता झाकण-फ्लँज लावून हातपंपाने थंड पाण्याचा ६ बार दाब दिला. टाकीवर ८ बार छापलेलं आहे. ३० मिनिटांत काटा हलला नाही, म्हणजे गंज अजून आरपार गेलेला नाही. टाकी वाचवण्याजोगी आहे. तेवढ्यात काटा हळूहळू उतरला असता तर काम इथेच थांबवलं असतं. काचलेपाच्या टाकीला आतून वेल्ड मारता येत नाही, उष्णतेने आजूबाजूची काच तडकते.

५ जून: 'ब' उघडला

तीच पद्धत. गाळ सव्वा किलो. एलिमेंट मूळचाच, नळीवर काचलेप असलेला, त्यावर १ ते २ मिमी क्षार आणि तो बोटाने पापड्यांत निघतो. रोध २६.६ ओहम, मेगरवर १०० मेगाओहमच्या पुढे. टाकीत डाग नाही.

ॲनोड आहे. खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा, पांढरी भुकटी चिकटलेला, पण आहे. ब्रशने साफ करून कॅलिपर लावला: जाडी सरासरी १४ मिमी. वजन ७६ ग्रॅम. त्याच मापाचा नवा रॉड स्टडसकट १४२ ग्रॅम भरला, त्यात मॅग्नेशियम मिश्रधातू १२० ग्रॅमच्या आसपास, बाकी तार आणि स्टड. म्हणजे ३६ महिन्यांत ६६ ग्रॅम गेले, वर्षाला साधारण २२ ग्रॅम.

एक मोजमाप इथे लिहून ठेवतो, कारण साइटवर वजनकाटा नसतो. २१ मिमीचा रॉड १५ मिमीवर आला की निम्मं मॅग्नेशियम गेलेलं असतं. वजन जाडीच्या वर्गाने घटतं, डोळ्याला मात्र रॉड अजून भरपूर वाटतो. 'ब'चा रॉड बघून कोणीही म्हणेल की ठीक आहे, राहू दे. तो निम्म्याच्या खाली गेलेला आहे.

६ जून: 'अ'चाच रॉड का संपला?

पाणी तेच, टाकी तीच, वय तेच. फरक एलिमेंटच्या नळीचा. पण तांब्याचा एलिमेंट ॲनोड कसा खाईल, हा प्रश्न कार्यशाळेत दोनदा आला, म्हणून सविस्तर.

टाकी म्हणजे पाणी भरलेला सेल आहे. त्यात बुडलेले आणि एकमेकांशी धातूने जोडलेले सगळे भाग त्यात सामील असतात: लेपाच्या छिद्रांतून उघडं पडलेलं पोलाद, एलिमेंटची नळी आणि ॲनोड. यांत मॅग्नेशियम सर्वांत सक्रिय, मग पोलाद, आणि तांबं-निकेल सर्वांत निवांत. ॲनोड नसेल तर तांबं आणि पोलाद यांच्या जोडीत पोलाद विरघळतं. मॅग्नेशियम जोडलं की विरघळण्याचं काम ते घेतं आणि बाकी दोघांकडे इलेक्ट्रॉन पाठवतं. ॲनोडला 'बळीचा रॉड' म्हणतात ते म्हणूनच.

आता खरी गोष्ट क्षेत्रफळाची. काचलेपाच्या टाकीत उघडं पोलाद किती? सगळी छिद्रं मिळून जेमतेम काही चौरस सेंटिमीटर. एवढ्यासाठी अगदी थोडा प्रवाह पुरतो. पण त्यात तांब्याची उघडी नळी सोडली की शेकडो चौरस सेंटिमीटरचा नवा गिऱ्हाईक आला. ॲनोडला तो ओळखता येत नाही, तो सगळ्यांना प्रवाह वाटत बसतो. रॉड तोच, पण आता तो बहुतांश तांब्याचं रक्षण करतोय, ज्याला त्याची गरजच नव्हती.

याची गंमत हंफ्री डेव्हीने १८२४ मध्येच बघितली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत, खारं पाणी तो खायचं. डेव्हीने त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं विरघळणं थांबलं खरं, पण विरघळणाऱ्या तांब्याचं विष होतं म्हणूनच शंखशिंपले तळाला चिकटत नव्हते. ते आता खुशाल चिकटू लागले. तांब्याला गरज नसताना वाचवलं की बिल दुसरीकडे फुटतं. आमच्या टाकीतही प्रवाह घेणाऱ्या नळीच्या पृष्ठभागालगत पाणी अल्कधर्मी होतं आणि चुनखडी बसायला हातभार लागतो. क्षाराचं मुख्य कारण अर्थात उष्णता आणि कठीण पाणीच. पण 'अ'वरचा ६ मिमी थर आणि 'ब'वरचा २ मिमी थर बघता हा हातभार अगदीच सोडून द्यावासा वाटत नाही.

७ जून: मोजून बघितलं

थेट फ्लँजला आटलेल्या रॉडचा प्रवाह मोजता येत नाही. म्हणून दोन्हीसाठी इन्सुलेटेड बुशचा एम-८ ॲनोड घेतला: रॉडचा स्टड फ्लँजला टेकत नाही, बाहेरून एका छोट्या तारेने टाकीच्या अर्थिंग बोल्टला जोडायचा. ती तार सोडून मध्ये मल्टिमीटर मिलिॲम्पिअरवर लावला की प्रवाह दिसतो.

'अ'मध्ये आधी जुना तांब्याचाच एलिमेंट घासून परत बसवला, फक्त या चाचणीपुरता, वीज न जोडता. टाकी भरली, पाणी गारच. तार न जोडता ॲनोड आणि टाकी यांमध्ये ०.९ व्होल्टच्या आसपास दिसलं, जोडणी ठीक असल्याची पहिली खूण. जोडल्यावर प्रवाह सुरुवातीला बराच उसळला, चार तासांनी ६.८ मिलिॲम्पिअरवर स्थिरावला.

मग टाकी पुन्हा रिकामी, तांब्याचा एलिमेंट काढला, काचलेपाचा २००० वॅटचा बसवला, पुन्हा भरली. त्याच गार पाण्यात, चार तासांनी: २.१ मिलिॲम्पिअर.

हिशोब करून बघू. मॅग्नेशियमच्या एका ग्रॅमकडून तत्त्वतः २.२ ॲम्पिअर-तास मिळतात, प्रत्यक्षात निम्मेच धरायचे, कारण ते पाण्याशी स्वतःहूनही झिजतं आणि हायड्रोजन सोडतं. ६.८ मिलिॲम्पिअर २२ महिने, म्हणजे सुमारे १६,००० तास, चालला तर १०९ ॲम्पिअर-तास. निम्म्या कार्यक्षमतेने ९९ ग्रॅम. त्याआधीच्या १४ महिन्यांत 'ब'च्या वेगाने २६ ग्रॅम गेले असणार. बेरीज १२५, आणि रॉडमध्ये होते १२०. एक दिवसाची चाचणी २२ महिने ओढून काढलेला आकडा आहे, त्यामुळे इतकी जुळणी योगायोगही असेल, पण दिशा स्पष्ट आहे.

८ जून: एलिमेंट कोणता बसवावा

काल काचलेपाचा घातला, पण बाकीचे का नाहीत, हे लिहून ठेवतो. तांब्याची नळी उष्णता उत्तम देते आणि वाकवायला सोपी, म्हणून सर्रास मिळते. तांब्याच्या टाकीत ती चालते. काचलेपाच्या टाकीत नको, कारण वर दिलंच. इन्कोलॉय ८०० म्हणजे ३० ते ३५ टक्के निकेल आणि २० टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचा लोखंडी मिश्रधातू. क्षाराखाली नळी लालबुंद तापली तरी तो तग धरतो, तांबं तिथे फुटतं. पण तोही उघडा धातूच, टाकीला जोडलेला, आणि ॲनोडकडून प्रवाह घेतोच. काही गीझरांत उत्पादक नळी आणि फ्लँज यांमध्ये काहीशे ओहमचा रोधक ठेवतो, त्याने हा प्रवाह आवरतो. तो कारखान्यातच जुळवलेला असतो. साइटवर स्वतः नळीचं अर्थिंग तोडून तसलं काही करायचं नाही. नळी फुटली तर दोष-प्रवाहाला वाट राहणार नाही आणि संरक्षण पडणार नाही.

चौथा प्रकार कोरडा सिरॅमिक: निक्रोम तार चिनी मातीच्या गाभ्यावर, तो गाभा लेप दिलेल्या बंद नळीत. पाणी तारेच्या भागाला लागतच नाही, टाकी न रिकामी करता बदलता येतो. पण त्याची नळी फ्लँजलाच जोडलेली येते आणि या मॉडेलचा फ्लँज तसा नाही.

काचलेपाच्या एलिमेंटची एक अट: क्षार काढायला स्क्रू ड्रायव्हर नाही. टवका गेला की उघड्या धातूचा ठिपका तयार, आणि लेपाचा अर्थ संपला. ५ ते १० टक्के सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात बुडवून ठेवायचा, फेस थांबला की धुवायचा.

टाकीबद्दलही विचारणा झाली, स्टेनलेसची घ्यावी का. क्लोराइड १८० असलेल्या गरम पाण्यात ३०४ ग्रेडच्या वेल्डजवळ खड्डे पडण्याचा आणि ताणाच्या भेगा जाण्याचा धोका असतो, शिवाय ॲनोड नसल्याने सुरू झालेला खड्डा थांबवायला आत कोणी नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ती बरी. सध्याची टाकी दाब धरतेय, तेव्हा आता बदलण्याचं कारण नाही.

९ जून: बंद केले, चालू केले

नवीन गॅस्केट, बोल्ट समोरासमोर तीन फेऱ्यांत आवळले. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याशिवाय वीज दिली नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत एलिमेंट दोन मिनिटांत जातो.

थर्मोस्टॅट ७५ वर होता, ६० वर आणला. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १.०२ युनिट लागतात, २००० वॅटला अर्धा तास. 'अ'ला ३१ मिनिटं लागली. गरम पाण्यात ॲनोडचा प्रवाह: 'अ' २.९, 'ब' २.४ मिलिॲम्पिअर. 'अ' जास्त घेतो ते त्याच्या दोन गंजडागांमुळे, तिथलं पोलाद आता उघडं आहे. तारा परत घट्ट जोडून लाल फीत लावली. ती सुटली तर आतला रॉड नुसता शोभेचा.

३० जून

'अ' २.१, 'ब' २.०. पहिल्या पाण्याचा तांबूस रंग गेला. डागांच्या जागी अल्कधर्मी पाण्यातून चुनखडीची पातळ खपली धरते आणि छिद्र बुजतं, म्हणून प्रवाह उतरला असावा. कठीण पाण्याचा एवढाच काय तो फायदा.

४ डिसेंबर: १८० दिवसांनी

प्रवाह 'अ' १.८, 'ब' १.८. दोन्ही उघडले.

'अ'चा रॉड १३१ ग्रॅम, म्हणजे ११ ग्रॅम घट. सरासरी २ मिलिॲम्पिअर धरला तर ४३२० तासांत ८.६ ॲम्पिअर-तास, त्याला तत्त्वतः ३.९ ग्रॅम पुरायला हवे होते. म्हणजे कार्यक्षमता ३५ टक्के, आम्ही धरली होती त्याहून कमी. प्रवाह कमी असला की मॅग्नेशियमच्या स्वतःच्या झिजेचा वाटा मोठा होतो. म्हणून मीटरवरच्या आकड्यावरून आयुष्य काढताना एक तृतीयांश धरणं बरं. वर्षाला २२ ग्रॅम, हा 'ब'चाच जुना वेग.

वेल्डवरचा नारिंगी फोड आता राखाडी आणि कोरडा, वर पांढरट कवच, ओघळ नाही. एलिमेंटवर अर्धा मिमी क्षार.

'ब'मध्ये एक चूक सापडली. तिथे रॉडभोवती दाट पांढरं कवच होतं आणि तार जोडलेली असूनही उघडल्या उघडल्या फेस नव्हता. ब्रशने साफ केल्यावर बरंच मॅग्नेशियम मोकळं झालं. क्षाराने ॲनोड असा झाकला गेला की तो जाड राहतो आणि काम करत नाही. जाडी बघून समाधान मानू नये ते यासाठी. प्रवाह १.८ आला होता म्हणून इथे अजून बंद पडला नव्हता, पण दर सहा महिन्यांनी मीटर लावायचा, आणि प्रवाह ०.५ च्या खाली गेला तर जाडी काहीही असो, रॉड काढून घासायचा.

वेळापत्रक कार्डावर लिहिलं: मीटर सहा महिन्यांनी, उघडून गाळ काढणं वर्षाने, रॉड १५ मिमीला आला की नवा. बाहेरच्या बाजूला, टर्मिनलच्या झाकणावर, न पुसणाऱ्या शाईने: "एलिमेंट काचलेपाचाच. बदलताना ॲनोड काढून बघा."